सत्तेचे तीन चेहरे : गावसभेतून दिसणारे आणि न दिसणारे

सत्ता म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे खुर्ची येते. सरपंचाची, सभापतीची, आमदाराची. खुर्चीवर कोण बसला यावरून गावात कोणाचे चालते ते आपण ठरवतो. ही समजूत खोटी नाही, पण अपुरी आहे. कारण अनेक गावांत असा अनुभव येतो की खुर्ची एकाची असते आणि चालते दुसऱ्याचे. काही ठिकाणी तर कोणी काहीच हुकूम देत नाही, तरी एका वस्तीचे काम वर्षानुवर्षे होत नाही. मग तिथे सत्ता कोण वापरतो आणि कशी वापरतो, हा प्रश्न उरतो. प्रस्तुत लेखात आम्ही या प्रश्नाचा विचार करणार आहोत.

आमचे मलकापूर कराड शहराला लागून आहे. इथली ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली आणि पुढे नगरपरिषद झाली. चोवीस तास मीटरने पाणी देण्याच्या योजनेमुळे गावाचे नाव राज्यात गाजले. परंतु आसपासच्या कितीतरी गावांत कारभार आजही ग्रामपंचायतीमार्फतच चालतो, आणि आपल्या समाजाचे बहुतेक नातेसंबंध त्या गावांशी आहेत. म्हणून उदाहरण ग्रामपंचायतीचेच घेणे योग्य ठरेल. हे गाव कोणतेही एक गाव नाही, समजावण्यासाठी कल्पिलेले आहे. मात्र त्यात सांगितलेल्या गोष्टी कोणत्याही जाणत्या सदस्याला अनोळखी वाटणार नाहीत.

पहिला चेहरा : उघड मतदान

समजा, गावच्या पंचायतीत ११ सदस्य आहेत. त्यांपैकी बौद्ध वस्तीच्या प्रभागातून निवडून आलेले २ आहेत. मासिक सभेपुढे दोन मागण्या आहेत : एक वेशीवर कमान बांधण्याची आणि दुसरी वस्तीत पाण्याची टाकी उभारण्याची. पैसा एकाच कामाला पुरेल एवढा आहे. चर्चा होते, आवाज चढतात, शेवटी हात वर होतात. कमानीच्या बाजूने ६, टाकीच्या बाजूने ५. कमान मंजूर होते आणि टाकी राहते.

इथे सत्ता डोळ्यांना दिसते. दोन पक्ष आहेत, एक वाद आहे, एक निर्णय आहे. कोण जिंकला आणि कोण हरला हे प्रोसिडिंग बुकात लिहिलेले आहे. अमेरिकन अभ्यासक रॉबर्ट डाल यांनी सत्तेची कल्पना अशीच मांडली. क्ष ने य कडून असे काही करवून घेतले, जे य ने एरवी केले नसते, तर तेवढ्या बाबतीत क्ष ची य वर सत्ता आहे, असा त्यांच्या मांडणीचा आशय आहे. त्यांनी न्यू हेवन या शहराच्या कारभाराचा अभ्यास करून १९६१ साली ग्रंथ लिहिला. शहराचा पुनर्विकास, शाळा आणि पक्षांची उमेदवारी या तीन विषयांत निर्णय कोणाच्या म्हणण्याप्रमाणे झाले, हे त्यांनी तपासले. निष्कर्ष असा निघाला की सर्व विषयांत एकाच गटाचे चालत नाही, वेगवेगळ्या विषयांत वेगवेगळ्या लोकांचे चालते.

या पद्धतीचा गुण असा की ती अफवेवर विसंबत नाही. गावात अमक्याचेच चालते असे कोणी म्हणाले, तर कोणत्या ठरावात चालले ते दाखवा, असे आपण विचारू शकतो. शिवाय पहिल्या चेहऱ्यापुढे हरलेल्या माणसालाही एक वाट मोकळी राहते. टाकीच्या बाजूने ५ मते पडली हे सर्वांना माहीत होते. आणखी एक मत मिळवले की निकाल फिरतो, एवढा हिशेब वस्तीला कळतो.

दुसरा चेहरा : जो विषय सभेपुढे येतच नाही

आता त्याच गावाची थोडी वेगळी हकीकत पाहू. या वेळी मतदान झालेच नाही, कारण टाकीचा विषय सभेपुढे आलाच नाही. पाच वर्षांचे प्रोसिडिंग बुक चाळले तर त्यात एकही वाद सापडत नाही. सगळे ठराव सर्वानुमते झालेले आहेत. डाल यांच्या पद्धतीने पाहणारा अभ्यासक म्हणेल की या गावात एकोपा आहे.

१९६२ साली पीटर बॅक्रॅक आणि मॉर्टन बॅराट्झ या दोघांनी एका लेखात नेमका हाच आक्षेप घेतला. निर्णय कोणी घेतला एवढे पाहून भागत नाही, कशाचा निर्णय होऊच दिला नाही हेही पाहिले पाहिजे, असे त्यांनी दाखवून दिले. सत्तेचा हा दुसरा चेहरा. त्याला आपण अनिर्णयाची सत्ता म्हणू. विषयपत्रिका ज्याच्या हातात, त्याला मत जिंकण्याची गरजच पडत नाही.

गावात हे कसे घडते ते बारकाईने पाहिले पाहिजे. वस्तीच्या सदस्याने अर्ज दिला. ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे ज्यांना आपण ग्रामसेवक म्हणत आलो, त्यांनी तो घेतला, पण पोच दिली नाही. पुढच्या महिन्यात विचारले तर उत्तर मिळाले की वरिष्ठ कार्यालयाकडे विचारणा केली आहे. त्याच्या पुढच्या महिन्यात विषय पत्रिकेवर आला, पण शेवटी, 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय' या सदरात. तोपर्यंत निम्मे सदस्य उठून गेले होते. विषय तहकूब झाला. नंतर एक समिती नेमली गेली. तिची बैठक झाली नाही. यात कोणीही टाकीला नकार दिलेला नाही. उलट सगळे म्हणतात की टाकी व्हायलाच पाहिजे.

ग्रामसभेचेही तसेच होते. कायद्याने वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे लोक हजर असावे लागतात. परंतु गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा पुन्हा भरते, तेव्हा तिला गणपूर्तीची अट राहत नाही. सभा ऐन ऊसतोडीच्या दिवसांत, सकाळी मजुरीच्या वेळेला ठेवली आणि दवंडी फक्त वरच्या आळीत फिरली, की पहिली सभा आपोआप तहकूब होते. दुसऱ्या सभेत मोजके लोक बसून विषय उरकतात. हजेरीच्या सह्या नंतर घरोघर फिरून घेतल्या जातात. कायद्याचा एकही शब्द मोडल्याचे कागदावर दिसत नाही.

या चेहऱ्याची आणखी एक तऱ्हा आहे, आणि ती अधिक अवघड आहे. काही वेळा वस्तीचा सदस्य विषय मांडतच नाही. त्याला कोणी धमकी दिलेली नसते. पण त्याचा अर्धा एकर ऊस उभा आहे. कारखान्याची टोळी त्याच्या शेतात कधी यायची हे ज्या माणसाच्या शब्दावर ठरते, त्याच माणसाला कमान हवी आहे, हे त्याला माहीत असते. सोसायटीचे पीककर्जही त्याच घरातून हलते. त्यामुळे समोरचा काय करील याचा अंदाज बांधूनच तो गप्प बसतो. समोरच्याला बोट उचलावे लागत नाही.

हे केवळ तर्काने सांगितलेले नाही. मॅथ्यू क्रेन्सन या अभ्यासकाने १९७१ साली अमेरिकेतील दोन शेजारच्या शहरांची तुलना प्रसिद्ध केली. ईस्ट शिकागो आणि गॅरी या दोन्ही शहरांत पोलाद कारखान्यांचा धूर होता. ईस्ट शिकागोने धूर नियंत्रणाचा नियम १९४९ साली केला, तर गॅरीने तो १९६२ साली केला. गॅरी हे एकाच मोठ्या पोलाद कंपनीवर जगणारे शहर होते. कंपनीने नियमाला उघड विरोध केल्याचे दिसत नाही. ती बराच काळ काहीच बोलली नाही. तिच्या नावाचा दबदबा एवढा होता की विषय काढण्याचे धाडसच लोकांना बऱ्याच काळपर्यंत झाले नाही. क्रेन्सन यांच्या पद्धतीतून आपल्याला शिकण्यासारखे हे आहे की सारख्या परिस्थितीतील दोन गावे शेजारी ठेवून पाहावीत. एका गावात विषय उठतो आणि दुसऱ्यात उठत नाही, असे दिसले की मगच शांततेचे कारण शोधता येते.

महाडचा दाखला

आपल्या महाराष्ट्रात याचा सर्वांत स्पष्ट दाखला महाडचा आहे. महाडची संस्था ग्रामपंचायत नव्हती, नगरपालिका होती. पण कारभाराची रीत तीच. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळाने सी. के. बोले यांचा ठराव मंजूर केला. सार्वजनिक पैशातून बांधलेली व चालवलेली पाणवठ्याची ठिकाणे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा तो ठराव होता. त्यानुसार महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. पहिल्या चेहऱ्याच्या हिशेबाने लढाई तिथेच जिंकली होती. ठराव आपल्या बाजूचा होता.

परंतु तीन वर्षे तळ्यावर कोणीही अस्पृश्य पाणी भरू शकला नाही. ठराव रद्द झालेला नव्हता, तो अंमलात येत नव्हता एवढेच. बॅक्रॅक आणि बॅराट्झ यांनी म्हटले आहे की मागणी तोंडातून निघण्याआधी, सभेपुढे येण्याआधी किंवा अखेरीस अंमलबजावणीच्या टप्प्यावर, अशी कुठेही मारता येते. महाडला ती शेवटच्या टप्प्यावर मारली गेली होती.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्या कृतीने लपलेला झगडा उघड्यावर आला. अंमलात न आणलेला ठराव आता आणावा लागणार किंवा मागे घ्यावा लागणार, अशी वेळ आली. ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द केला. हा पराभव होता खरा, परंतु तो दुसऱ्या चेहऱ्याकडून पहिल्या चेहऱ्याकडे आलेला पराभव होता. कोण विरोधात आहे हे आता लेखी होते. पुढे तळे खाजगी मालकीचे असल्याचा दावा डिसेंबर १९२७ मध्ये न्यायालयात गेला. त्याचा शेवट १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात अस्पृश्यांच्या बाजूने झाला. उघड झालेल्या वादाचा निकाल लागू शकतो. न उठलेल्या वादाला निकालच नसतो.

तिसरा चेहरा : जेव्हा मागणीच मनात येत नाही

१९७४ साली स्टीव्हन ल्यूक्स या इंग्रज विचारवंताने छोटे पण गाजलेले पुस्तक लिहिले. पहिल्या दोन्ही चेहऱ्यांत तक्रार असते. पहिल्यात ती उघड असते, दुसऱ्यात दाबलेली असते. पण माणसाला तक्रारच वाटू नये, आपली स्थिती स्वाभाविक आहे किंवा हीच बरी आहे असे वाटावे, ही सत्तेची सर्वांत खोल आणि सर्वांत स्वस्त रीत नव्हे काय, असा त्यांचा प्रश्न आहे.

आमच्या कल्पित गावात याचे रूप असे दिसेल. वस्तीतील एक आजीबाई म्हणतात, "आपल्याला टाकी कशाला रं बाबा? आपली हीर हाय की. गावानं आजवर सांभाळलंय आपल्याला." महिला सदस्या सभेत बसतात, पण बोलायची वेळ आली की पतीकडे पाहतात, आणि त्यात काही वावगे आहे असे त्यांना वाटत नाही. शिकलेला तरुणसुद्धा म्हणतो की उगाच विषय काढून गावाचा एकोपा कशाला मोडायचा. 'एकोपा' हा शब्द इथे मोठा बोलका आहे. कमान मागताना एकोपा मोडत नाही, टाकी मागताना मात्र मोडतो.

आपल्या इतिहासातील याचे मोठे उदाहरण म्हणजे महारकीचे वतन. वतनदार महाराला तुटपुंजी जमीन आणि बलुते मिळे. त्याच्या बदल्यात रात्री-अपरात्री सरकारी कामासाठी धावावे लागे. हिशेब मांडला तर मजुरीपेक्षाही तो सौदा वाईट होता. परंतु ते वतन होते, हक्क होता, पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जाणाऱ्या बावन्न हक्कांचा अभिमान त्याला चिकटलेला होता. बाबासाहेबांनी १९२८ साली वतनाचा कायदा बदलण्यासाठी मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले, तेव्हा त्यांना सरकार आणि गावकरी यांच्याशीच नव्हे, तर आपल्याच माणसांच्या मनातील वतनाच्या ओढीशीही झगडावे लागले. ते विधेयक त्या वेळी कायदा झाले नाही. कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा १९५८ साली झाला. ज्या बेडीला माणूस दागिना समजतो, ती तोडायला कायद्याच्या आधी समजूत बदलावी लागते.

हा चेहरा केवळ दबलेल्यांच्याच मनावर काम करतो असेही नाही. बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत लिहिलेला मसूर स्टेशनचा प्रसंग आपल्या कराड तालुक्यातला आहे. १९०१ साली साताऱ्याहून वडिलांकडे गोरेगावला निघालेली ही मुले मसूरला उतरली. ती महार आहेत असे कळताच एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. अखेर दुप्पट भाडे आणि गाडी मुलांनीच हाकायची, गाडीवानाने बरोबर चालायचे, अशा अटीवर एक तयार झाला. त्या गाडीवानांना कोणी हुकूम दिला नव्हता. हातचे भाडे सोडण्यात त्यांचेच नुकसान होते. तरी ते सोडायला ते तयार होते. स्वतःच्या हिताविरुद्ध वागणारा माणूस आणि तसे वागायला लावणारा कोणीही समोर नाही, हे तिसऱ्या चेहऱ्याचे लक्षण आहे.

या विचाराची मर्यादा

तिसऱ्या चेहऱ्याची कल्पना उपयुक्त आहे, पण धोक्याचीही आहे. तुम्हाला काय हवे आहे ते तुम्हाला कळत नाही, मला कळते, असे कोणीही पुढारी म्हणू लागेल. आजीबाईंना विहीर खरोखरच सोयीची असू शकते. टाकी पाहिजेच असे ठरवणारे आपण कोण? दुसरा आक्षेप जेम्स स्कॉट यांच्या अभ्यासातून पुढे येतो. त्यांनी मलेशियातील एका गावात राहून पाहिले की गरीब माणूस मालकासमोर मान डोलावतो, पण पाठीमागे तो वेगळेच बोलतो. म्हणजे तो भुललेला नसतो, सावध असतो. त्याची गप्प बसण्याची रीत दुसऱ्या चेहऱ्यात मोडते, तिसऱ्यात नव्हे.

म्हणून ओळखायचे कसे, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. आमच्या मते तीन कसोट्या लावता येतात. पहिली अशी की माणूस चावडीवर काय बोलतो आणि घरात चुलीपाशी काय बोलतो यांत फरक आहे काय? फरक असेल तर ती भीती आहे. दुसरी, दडपण उठल्यावर तो काय करतो? मुंबई-पुण्याला गेलेला त्याच घरातला माणूस नळाचे पाणी नको म्हणत नसेल, तर गावात राहिलेल्या त्याच्या आजीची विहीर ही तिची पसंती आहे की सवय, हे विचारावे लागते. तिसरी कसोटी अशी की तिच्यापुढे दोन्ही गोष्टी, खर्च आणि हक्कासह, कधी ठेवल्या गेल्या होत्या काय? न ठेवताच मिळालेला होकार हा होकार म्हणून धरता येत नाही.

बिनविरोध निवडणुकीलाही हीच कसोटी लावावी लागते. ती खऱ्या समजुतीने झालेली असू शकते. पण जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगाने नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी या दोन गावांच्या निवडणुका रद्द केल्या, कारण तिथे पदांचा लिलाव झाल्याचे पुढे आले होते. कागदावर जो एकोपा दिसला असता, तो प्रत्यक्षात बोलीचा होता.

वही हातात घेऊन

आता आपल्या गावाकडे वळू. तीन चेहऱ्यांना उपाय एकच नाही, म्हणून आधी निदान करावे लागते. त्यासाठी मागील पाच वर्षांच्या सभांच्या इतिवृत्तांची नक्कल घ्यावी. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याने ती मागता येते आणि सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर मिळायला हवे. त्या नकलेशेजारी एक साधी वही ठेवावी. वहीत वस्तीतल्या लोकांनी याच पाच वर्षांत बोलून दाखवलेल्या गरजा लिहाव्यात.

मग तिन्ही प्रकार वेगळे होतात. जी गरज मतदानाला आली आणि हरली, तिथे प्रश्न मतांचा आहे, एक-दोन सदस्यांशी बोलणे करावे. जी गरज लोक बोलतात पण इतिवृत्तात सापडत नाही, तिथे प्रश्न पत्रिकेचा आहे. अर्ज लेखी द्यावा, पोच घ्यावी, विषय ऐनवेळच्या सदरात न टाकता क्रमांकाने पत्रिकेवर घेण्याची मागणी करावी आणि सभेची वेळ मजुरीला आड येणारी नसावी असा ठरावच मागावा. एकट्या सदस्याने मागितले तर त्याचा ऊस अडकतो. २५ सह्यांनी मागितले तर अडकवायचे कोणाचे, हा प्रश्न समोरच्यापुढे पडतो.

मागासवर्गीयांसाठी राखून ठेवायच्या १५ टक्के रकमेचेही असेच तपासावे. पंचायतीचे उत्पन्न १० लाख रुपये असेल तर ही रक्कम दीड लाख होते. ती वस्तीत खर्च झाली, की वस्तीवरून पुढे मळ्यात जाणाऱ्या रस्त्यावर पडली, हे खर्चाच्या नोंदीत दिसते. ठराव आपल्या बाजूचा आणि पैसा दुसऱ्याच्या बांधावर, ही महाडच्या १९२४ च्या ठरावाचीच जात आहे.

आणि जी गरज इतिवृत्तातही नाही आणि वहीतही नाही, पण शेजारच्या गावातील वस्तीच्या वहीत आहे, तिथे तिसऱ्या चेहऱ्याची शंका घ्यावी. तिथे अर्ज करून काही होत नाही. तिथे त्या गावच्या माणसांना आपल्या वस्तीत बोलावून, त्यांनी काय मागितले, किती दिवस लागले आणि त्यांचे काय बिघडले, हे त्यांच्याच तोंडून ऐकवावे लागते. ऐकल्यानंतरही आजीबाई विहीरच बरी म्हणाल्या, तर ते त्यांचे मत आहे आणि ते मानले पाहिजे. पण त्या वेळी ते त्यांचे स्वतःचे मत असेल.